वडिलांच्या जुन्या फोटोवर कोट चढवताना : पत्र वाचण्यापासून प्रिंटपर्यंत

जुन्या फोटोंचं काम शिकायला लागलात की थोड्याच दिवसांत एक मागणी समोर येते. वडील गेलेले असतात. त्यांचा एकट्याचा नीटसा फोटो नसतो. जो आहे त्यात ते चार माणसांत, साध्या शर्टात, वरची बटणं उघडी असे उभे असतात. मुलगा लिहितो, की त्यांना चांगले कपडे घालून द्या. नवा माणूस लगेच तयार कोटाचं चित्र शोधतो, त्याच्यावर चेहरा बसवतो आणि तासाभरात काम संपवतो. घरच्यांना ते पटत नाही, आणि का पटत नाही हे त्यांनाही सांगता येत नाही.

या कामाची दिशाच उलटी धरायला हवी. कोटावर वडील बसवायचे नसतात, वडिलांवर कोट चढवायचा असतो. चेहरा, मान, खांद्यांची ठेवण हे सगळं त्यांचं राहतं आणि कापड तेवढं नवं येतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीतून निघतात. सोबत दिलेलं पत्र मी अशा बऱ्याच पत्रांवरून रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील कुठल्या ना कुठल्या खऱ्या पत्रात वाचलेला आहे.

आधी पत्र नीट वाचा

«सप्रेम नमस्कार.

सोबत माझ्या वडिलांचा फोटो पाठवत आहे. १९७१ साली छापखान्यातल्या दोन मित्रांबरोबर काढलेला आहे. मधले ते वडील. उजवीकडच्या मित्राचा हात त्यांच्या खांद्यावर आहे, तो काढता आला तर काढावा. त्यांना काळा सूट, पांढरा शर्ट आणि टाय घालून फक्त त्यांचा एकट्याचा मोठा फोटो करून हवा आहे. भिंतीवर लावायचा आहे.

ते जुळारी होते. आयुष्यभर उभ्याने खिळे जुळवले, त्यामुळे डावा खांदा थोडा उतरलेला होता. ओठाजवळ तीळ आहे, तो कृपया डाग समजून पुसू नये. त्यांच्याकडे एकच कोट होता, राखाडी रंगाचा, १९६६ च्या सुमारास शिवलेला. तो आता नाही. तो घातलेला एक फोटो आहे, पण त्यात चेहरा हललेला आहे. टाय त्यांनी कधी घातल्याचं आईला आठवत नाही, पण फोटोत शोभून दिसेल असं वाटतं.

मूळ फोटो एकच आहे, सांभाळून परत करावा.»

या पत्रात दोन मागण्या आहेत. वरची मागणी काळ्या सुटाची आहे. खालची मागणी मुलाने न मागता लिहून टाकली आहे: उतरलेला खांदा, तीळ, राखाडी कोट, आईची आठवण. मी असं पत्र आलं की पेन्सिल घेऊन या खालच्या गोष्टींखाली रेघ मारतो, कारण फोटो तयार झाल्यावर घरचे लोक त्याच ताडून पाहतात.

मग काम हातात घेण्याआधी मुलाशी बोलायचं. विचारण्यासारखं फार नसतं, पण जे असतं ते आधीच विचारावं लागतं. चेहरा हललेला तो दुसरा फोटोही पाठवाल का? कोट घालायचे तेव्हा शर्टाचं वरचं बटण लावायचे की उघडं ठेवायचे? भांग कुठल्या बाजूला पाडायचे? घरात त्यांच्यासारख्या अंगलटीचं कोणी आहे का? आणि शेवटी टायबद्दल. इथे आपली आवड पुढे करायची नाही. एवढंच म्हणायचं, की काळा सूट आणि टाय घालता येईल, पण त्यांचा स्वतःचा राखाडी कोटही उभा करता येईल, घरी एकदा विचारून सांगा. बहुतेक वेळा दोन दिवसांनी उत्तर येतं आणि ते आईचं असतं. या पत्राच्या बाबतीत उत्तर असं धरू: राखाडी कोटच करा, टाय नको, पण कोट घातला की वरचं बटण ते नेहमी लावायचे.

बटणाचा हा एक तपशील पुढच्या कामाचं स्वरूप ठरवतो. बटण उघडं चालणार असतं, तर वडिलांच्या अंगावरची शर्टाची मूळ कॉलर तशीच ठेवून तिच्यावर नुसता कोट चढवता आला असता, मानेच्या जोडाला हातही लावावा लागला नसता. ती सगळ्यात सुरक्षित वाट आहे. घरच्यांना चालत असेल तर तीच घ्या. बंद कॉलर म्हटली की मानेपाशी काम करावं लागतं.

फोटो हातात आल्यावर

प्रिंट अल्बमच्या पानाला किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेली असेल तर ओढून काढू नका. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करता येतो. ओढला तर वरचा थर काचेवर राहतो, आणि बरेचदा तो नेमका चेहऱ्याचा असतो.

आपली प्रिंट सुटी आहे, साधारण ९ बाय १३ सेंटिमीटरची. तिच्यात वडिलांचं डोकं, हनुवटीपासून टाळूपर्यंत, १४ मिलिमीटर भरतं. पट्टीने हे मोजा, कारण फोटो किती मोठा होऊ शकेल हे यावरूनच कळतं. १२०० पीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० पिक्सेल धरून, स्कॅन केलं की १४ मिलिमीटरचे साधारण ६६० पिक्सेल होतात. ३०० पीपीआयला छापलं तर डोकं साडेपाच सेंटिमीटरचं, म्हणजे मूळच्या चौपट. ८ बाय १० इंचाच्या छातीपर्यंतच्या फोटोत एवढं डोकं छान बसतं. मुलगा १२ बाय १८ इंच मागत असेल, तर डोकं दहा सेंटिमीटरच्या आसपास जाईल आणि डोळ्यांच्या जागी मऊ धब्बे दिसतील. हे त्याला आत्ताच सांगा. स्कॅनरचा आकडा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. कागदावर जेवढं उतरलंय त्याच्या पलीकडे फक्त कागदाचा पोत मोठा होतो.

फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत करा, १६ बिटमध्ये, आणि टिफ म्हणून साठवा. रंगीत का, तर जुन्या प्रिंटवरचे पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. लाल चॅनल घेऊन काम सुरू केलं की निम्मी डागसफाई आपोआप होते. स्कॅनरची आपोआप धार लावणारी आणि धूळ काढणारी सोय बंद ठेवा. ओठाजवळच्या तिळाला ती धूळच समजण्याची शक्यता असते. कागद बारीक उठावाचा असेल तर एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून असे दोन स्कॅन घ्या. दुसरा पुन्हा सरळ करून पहिल्यावर नेमका जुळवा आणि निम्मा पारदर्शक ठेवा. उठावाच्या सावल्या एकमेकींना बऱ्यापैकी मारून टाकतात.

मूळ प्रिंट पाठवणं शक्यच नसेल तर फोनने काढलेल्या फोटोवरही काम होतं, पण प्रिंट सावलीत खिडकीजवळ सपाट ठेवून, फोन तिला समांतर धरून, आणि फाइल कॉम्प्रेस न करता जशीच्या तशी पाठवायला सांगा.

जुने कपडे पुसण्याआधी त्यांची साक्ष घ्या

ज्या शर्टावर आपण कोट चढवणार आहोत, तो शर्ट बरंच काही सांगतो. तो झाकण्याआधी चार गोष्टी लिहून काढा.

पहिली, फोटो उलटा तर छापलेला नाही ना? पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते आणि खिसा डाव्या छातीवर असतो, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. खिसा दुसऱ्या बाजूला दिसत असेल तर निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढलेली असू शकते. मुलाने सांगितलेल्या भांगाशी ताडा. आपल्या फोटोत दोन्ही जुळतात.

दुसरी, खांदे. डाव्या आणि उजव्या खांद्याच्या टोकावर खूण करा, मानेच्या बुडाशी खूण करा. प्रौढ माणसाचं डोकं उंचीला साधारण २३ सेंटिमीटर असतं. आपल्याकडे ते ६६० पिक्सेल आहे, म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २९ पिक्सेल. या फोटोत खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंत १३०० पिक्सेल भरतात, म्हणजे ४५ सेंटिमीटर, आणि डावा खांदा ४३ पिक्सेल खाली आहे, म्हणजे दीड सेंटिमीटर. मुलाने लिहिलेलं फोटोत मोजता आलं. आता हे आकडे कोटाला पाळावे लागतील.

सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला असाच फोटो करून दिला होता. तयार कोट, सरळ रेषेतले खांदे, सगळं स्वच्छ. त्या गृहस्थांच्या पत्नीने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “चेहरा यांचाच आहे हो, पण हे असे उभे राहायचे नाहीत.” मी तो पुन्हा केला. तेव्हापासून खांद्यांचं माप घेतल्याशिवाय मी कोटाला हात लावत नाही.

तिसरी, प्रकाश. नाकाची सावली कुठे पडली आहे, हनुवटीखाली किती गडद आहे आणि सावलीची कड तीक्ष्ण आहे की विरघळलेली, हे पाहा. आपल्या फोटोत नाकाची सावली बघणाऱ्याच्या डावीकडे आणि खाली पडते, कड मऊ आहे. म्हणजे प्रकाश बघणाऱ्याच्या उजवीकडून, वरून आणि पसरून आलेला आहे.

चौथी गोष्ट नवे लोक हमखास विसरतात, ती म्हणजे कॅमेऱ्याची उंची. मागे तिरकी जाणारी विटांची भिंत आहे. डोळ्याच्या पातळीवरच्या रेषा दूर जाताना खाली उतरताना दिसतात, पायाजवळच्या वर चढतात, आणि छातीजवळची एक रेघ आडवी राहते. ती रेघ म्हणजे कॅमेऱ्याची उंची. त्या काळी वरून डोकावून बघायचे दोन भिंगांचे कॅमेरे सर्रास वापरात होते आणि ते छातीशी किंवा कमरेशी धरले जात, त्यामुळे जुन्या फोटोंत ही उंची वारंवार सापडते. खालून पाहिल्यावर हनुवटीची खालची बाजू थोडी दिसते आणि कॉलरची मागची कड लपते. डोळ्याच्या पातळीवरून किंवा वरून काढलेला कोट इथे बसवला, तर कॉलरच्या आतलं अस्तर दिसायला लागतं आणि कितीही सफाईने जोडलं तरी माणूस दोन तुकड्यांचा वाटतो.

कोट कुठून आणायचा

सगळ्यात चांगला कोट त्यांच्याच दुसऱ्या फोटोत असतो. आपल्याकडचा तसा फोटो हललेला आहे, त्यामुळे त्यातून कापड घेता येणार नाही, पण शिवण वाचता येते: लॅपल, म्हणजे छातीवर दुमडलेली कोटाची पट्टी, बारीक, दोन बटणं, खांद्यात फार भर नाही. १९६० च्या दशकातल्या कोटांचे लॅपल बारीक असत, १९७० च्या दशकात ते रुंद झाले. तयार चित्रांतला आजचा अंगाला घट्ट बसणारा कोट चढवला तर काळाचा मेळ बसत नाही, आणि तो कोट अंगावर पाहिलेल्या आईला ते पहिल्या नजरेत कळतं.

म्हणून मी शक्य तिथे कोट नव्याने फोटोत घेतो, आणि तो घालायला मुलालाच बोलावतो. बापलेकांच्या खांद्यांची ठेवण बरेचदा सारखी असते. तशाच शिवणीचा राखाडी कोट आणि पांढरा शर्ट मिळवायचा, इस्त्रीच्या कडक घड्या असतील तर थोडा वेळ घालून वावरायला सांगायचं. मग मुलाला वडिलांसारखं उभं करायचं, डावा खांदा दीड सेंटिमीटर उतरवायला सांगायचा. कॅमेऱ्याच्या उजवीकडे मोठी खिडकी किंवा पांढऱ्या कापडातून गाळलेला दिवा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, आणि साधारण तीन मीटर लांब, कारण तीन माणसं गुडघ्यापर्यंत मावतील असा मूळ फोटो तेवढ्याच अंतरावरून काढलेला दिसतो. जवळून, हातभर अंतरावरून काढलं तर छाती फुगते आणि खांदे मागे सरतात. भिंग बदलून हे सुधारत नाही, अंतरच जुळवावं लागतं.

तयार चित्रावरच भागवायचं असेल तर एक मोह टाळा. कोटावरचा प्रकाश डावीकडून आलेला दिसला की चित्र आडवं पलटवावंसं वाटतं. पलटवलं की कोटाचा खिसा उजव्या छातीवर जातो आणि बटणं बायकांच्या कोटासारखी लागतात. प्रकाश जुळणारं दुसरं चित्र शोधा.

बसवणं

मूळ स्कॅनची प्रत काढून ती फोटोशॉपमध्ये उघडा आणि मूळ फाइल बाजूला ठेवून द्या. कोट वेगळ्या लेअरवर, शर्टाची कॉलर आणखी वेगळ्या लेअरवर. काहीही खोडायचं नाही, झाकायचं ते `Layer Mask` लावून झाकायचं, म्हणजे उद्या मागे येता येईल.

कोटाचा आकार खांद्याच्या खुणांवरून ठरवा. मूळ खांदे १३०० पिक्सेल. कोटाच्या आतल्या भरीमुळे दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक सेंटिमीटर, म्हणजे २९ पिक्सेल वाढतात. कोटाची रुंदी १३६० च्या आसपास ठेवा. नव्या कॅमेऱ्यातला कोट मोठा असतो, तो लहान करावा लागतो, हे ठीकच आहे. लहान कोट ताणून मोठा मात्र कधी करू नका. मित्राचा हात इथे कोटाखाली जातो, त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. फक्त मनगटाच्या वर भिंतीसमोर जो भाग उरतो, तेवढा भिंतीच्या तुकड्यांनी भरून घ्या.

आता मान, आणि इथे घाई करू नका. मुलाच्या फोटोतून फक्त कापड घ्यायचं, त्याच्या त्वचेचा एक पिक्सेलही नाही. मान वडिलांचीच राहते. बंद कॉलरची वरची कड वडिलांच्या मानेवर कुठे टेकेल ते ठरवा. साधारणपणे ती कंठमण्याच्या थोडी खाली येते. मग कॉलर तिथे आणा आणि मास्कच्या मऊ ब्रशने मानेशी तिची कड बसवा. कॉलर फार खाली ठेवली की मान लांब होते आणि चेहरा काठीवर अडकवल्यासारखा दिसतो. फार वर घेतली की हनुवटी कॉलरमध्ये बुडते. वयस्क माणसाच्या मानेभोवती कॉलर घट्ट बसलेली नसते, एका बाजूला बोटभर फट असते. ती फट ठेवा, आणि तिच्या आत गडद सावली ठेवा.

त्यानंतर हनुवटीची सावली. मूळ फोटोत ती मानेवर आहे. आता कॉलर मध्ये आली, तर सावलीचा काही भाग कॉलरवर पडायला हवा. कोट चढवलेले फोटो चिकटवल्यासारखे दिसतात, त्याचं सगळ्यात मोठं कारण ही न पडलेली सावली असते. `Multiply` मोडमध्ये वेगळा लेअर घ्या, मानेवरच्या सावलीचा करडा रंग उचला आणि मोठ्या मऊ ब्रशने हलक्या हाताने कॉलरच्या बघणाऱ्याच्या डावीकडच्या टोकावर उतरवा. तशीच एक बारीक सावली कॉलरची कोटावर आणि लॅपलची छातीवर. कॉलर कोटाच्या वर साधारण सव्वा सेंटिमीटर दिसू द्या, म्हणजे आपल्या मापात ३५ ते ४० पिक्सेल.

खांद्याच्या कडा पेन टूलने काढा, पण नुसत्या धारदार सोडू नका. मूळ फोटोत कानाची किंवा गालाची कड भिंतीसमोर किती पिक्सेलमध्ये विरते ते मोठं करून पाहा. इथे ती चारेक पिक्सेलमध्ये विरते. कोटाची कडही तेवढीच विरायला हवी.

कोट जुना करणं

इथवर आलात तरी कोट आजचा दिसेल आणि वडील १९७१ चे. तीन गोष्टी जुळवाव्या लागतात आणि त्या याच क्रमाने जुळवलेल्या बऱ्या.

आधी काळं-पांढरं. आयड्रॉपरने मूळ फोटोतली सगळ्यात गडद जागा मोजा. भांगाजवळच्या केसांत ४२ मिळाले. सगळ्यात उजळ जागा, शर्टाच्या खांद्यावर, २२२ आहे. म्हणजे या फोटोत शून्याचा काळा नाही आणि २५५ चा पांढराही नाही, वर्षांनी दोन्ही फिके केले आहेत. नव्या कोटात मात्र दोन्ही असतात. कोट आणि कॉलर यांच्या लेअरवर `Levels` लावून खालचे `Output Levels` ४२ आणि २२२ करा. एवढ्या एका बदलाने कोट एकदम फोटोच्या आत गेल्यासारखा वाटतो. राखाडी कापड साधारण ८० ते ११५ च्या दरम्यान ठेवलं की ते केसांपेक्षा उजळ आणि चेहऱ्यापेक्षा गडद राहतं, आणि नजर चेहऱ्यावर जाते. काळा सूट करायचा असता, तरी तो केसांपेक्षा काळा होऊ दिला नसता.

मग मऊपणा. मूळ शर्टाच्या कापडात वीण दिसत नाही, तर कोटातही दिसता कामा नये. `Gaussian Blur` एक पिक्सेलपासून सुरू करा आणि वीण नाहीशी होईल तिथे थांबा.

शेवटी ग्रेन, फिल्मचा तो बारीक दाणा. कपाळ शंभर टक्क्यांवर उघडा आणि शेजारी कोट ठेवा. कपाळावर दाणा आहे, कोट गुळगुळीत आहे. कोटावर `Add Noise` लावा, `Gaussian` आणि `Monochromatic` निवडून. आपल्या या फोटोसाठी ४ टक्के पुरेसे धरा. नुसत्या नॉइजचा दाणा फार टोकदार असतो, म्हणून तो वेगळ्या लेअरवर घेऊन अर्ध्या पिक्सेलने मऊ केला. दाणा नेहमी सगळ्यात शेवटी, कारण आधी घातला तर ब्लरमध्ये पुसला जातो.

चेहऱ्यावर काय करायचं? ओरखडे आणि धूळ काढायची, तेही ज्याच्याबद्दल खात्री आहे तेवढंच. तीळ राहील. डोळ्यांखालच्या सुरकुत्या राहतील. गाल सारखे करायचे नाहीत, ओठांना धार लावायची नाही. पार्श्वभूमीसाठी मी त्यांचीच विटांची भिंत ठेवतो, थोडी अंधुक करून. स्टुडिओतला पडदा घातला तर त्याचाही प्रकाश आणि दाणा पुन्हा जुळवत बसावं लागतं.

तपासणी

फाइल पडद्यावर अंगठ्याएवढी लहान करा. लहान आकारात तपशील जातात आणि फक्त ठेवण उरते. मान लांब असेल किंवा खांदे चुकले असतील तर इथे लगेच कळतं. मग पूर्ण आकारात आणून, क्षणभर दुसरीकडे बघून पुन्हा पाहा. नजर आधी कॉलरवर गेली तर कॉलर फार पांढरी किंवा फार तीक्ष्ण आहे. चेहऱ्यावर गेली तर ठीक. तिसरी तपासणी म्हणजे चित्र आडवं पलटवून बघणं. सवयीने न दिसणारा कल पलटवल्यावर दिसतो. पाहून झालं की ते परत सरळ करायला विसरू नका.

नंतर कागदावर लहान नमुना काढा आणि घरी पाठवा. पडद्यावरचा नमुना पाठवण्यापेक्षा हे बरं, कारण घरातली मोठी माणसं तो हातात घेऊन खिडकीपाशी नेतात. नमुन्यासोबत “कसा वाटला?” असं विचारू नका, उत्तर “छान” असं येतं. खांदा बरोबर उतरलाय का, कॉलर अशीच बसायची का, कोटाचा रंग याहून गडद होता का, असं एकेक विचारा. या पत्रासाठी आईकडून कोट थोडा उजळ होता असं उत्तर आलं असं धरलं, तर `Levels` चा मधला काटा जरासा सरकवायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. लेअर वेगळे ठेवल्याचा उपयोग इथे होतो.

मूळ प्रिंट आल्या तशा पाकिटात, दोन सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये, परत पाठवा. नव्या प्रिंटच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने लिहा: «चेहरा १९७१ च्या फोटोतला. कोट, शर्ट आणि कॉलर नंतर घातलेली. कोट मुलाच्या अंगावरून.» बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढून उमटतो. हेच वाक्य फाइलच्या माहितीतही भरा, कारण पन्नास वर्षांनी हा फोटो ज्याच्या हातात पडेल त्याला आजोबा कसे दिसत होते हे कळायला हवं, आणि त्यातलं कापड कुठून आलं हेही. मुलाला मी दोन फाइल देतो. एक कोटातली, आणि दुसरी नुसती साफ केलेली, दोन मित्रांच्या मधली, उघड्या बटणांच्या शर्टातली, खांद्यावरच्या हातासकट.